डॅशबोर्डवर राहिलेला चष्मा: काचेवर जाळं का पडतं आणि उन्हाळ्यात तो ठेवायचा कुठं

प्रश्न: मी कराडला असतो. गाडी चालवायला चष्मा लागतो. फायबरच्या काचा, हिरवं कोटिंग, करून सात महिने झाले. परवा सांगलीला लग्नाला गेलो तेव्हा चष्मा दुपारभर डॅशबोर्डवर राहिला. संध्याकाळी परत निघालो तर समोरच्या गाड्यांचे लाईट पसरून दिसायला लागले, कितीही पुसलं तरी जाईना. दुकानदार म्हणतो, उन्हाने कोटिंग फुटलंय, वॉरंटीत बसत नाही. खरंच एका दुपारीत असं होतं, की मालच खराब होता? आणि मग चष्मा ठेवायचा कुठं?

उत्तर: होतं. दुपारही लागत नाही, एप्रिल-मेच्या उन्हात तास-दीड तास पुरतो. सांगलीत चष्म्याच्या कामात माझी चोवीस वर्षं गेली. होळी झाली की असे चष्मे यायला लागतात ते मृग लागेपर्यंत येतच राहतात. तरीही तुमच्या दुकानदाराचं म्हणणं लगेच मान्य करू नका. आधी काच नीट बघा. नुसत्या बघण्यातून बरंच कळतं.

चष्मा हातात घ्या आणि खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेवर पडेल असा तिरका धरा. काचेतून आरपार बघायचं नाही, काचेच्या पृष्ठभागावर बघायचं. चांगल्या कोटिंगवर ट्यूबची हिरवट पट्टी सलग दिसते. उष्णतेने गेलेल्या काचेवर ती पट्टी कोळ्याच्या जाळ्यातून बघितल्यासारखी तुटक दिसते. बारीक रेघा एकमेकींना छेदतात आणि त्यांचे छोटे छोटे चौकोन पडलेले असतात. आता त्यावरून नख फिरवा. ओरखडा असेल तर नखाला लागतो. हे जाळं नखाला लागत नाही, कारण भेग फक्त वरच्या थरात असते आणि तो थर फार पातळ असतो. ओरखडे वेगवेगळ्या दिशांना, एकेकटे असतात. जाळं मात्र सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. आमच्या धंद्यात याला क्रेझिंग म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं, "काचेवर धुकं बसलंय, पुसून जात नाही."

दिवसा याचा फार त्रास होत नाही, म्हणून कित्येकांना आठवडाभर पत्ताच लागत नाही. रात्री समोरून ट्रकचा लाईट आला की प्रत्येक भेगेच्या कडेवर तो थोडा थोडा विखुरतो आणि दिव्याभोवती पांढरी कडी उभी राहते. पेठ नाक्यावरून हायवेला लागल्यावर तुम्हाला जे दिसलं ते हेच.

आता हे का होतं ते सांगतो. ते एकदा कळलं की चष्मा कुठं ठेवायचा हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

तुम्ही ज्याला काच म्हणता ती काच नाही, फायबर आहे, म्हणजे एक प्रकारचं कडक प्लॅस्टिक. त्यावर आधी हार्ड कोट असतो, काही मायक्रॉन जाडीचा, ओरखडे टाळण्यासाठी. त्याच्यावर ते हिरवं कोटिंग, म्हणजे काचेची चकाकी कमी करणारं एआर कोटिंग. ते सिलिका, झिर्कोनिया, टायटेनिया अशा ऑक्साइडांच्या चार-पाच किंवा जास्त थरांचं असतं. हे थर निर्वात यंत्रात त्या पदार्थांची वाफ करून काचेवर बसवलेले असतात. सगळे मिळून जाडी एका मायक्रॉनपेक्षा कमी, केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढीसुद्धा नाही. स्वभाव मात्र पक्का मातीच्या भांड्याचा. कडक, पण ताणलं की तडकणारा.

गरम झाल्यावर सगळेच पदार्थ वाढतात, पण सारखे वाढत नाहीत. साध्या फायबरची ५० मिलिमीटर रुंदीची काच घ्या. ती २७ अंशांवरून ७२ अंशांवर गेली, म्हणजे ४५ अंशांनी तापली, तर तिची रुंदी साधारण पाव मिलिमीटरने वाढते. तेवढाच सिलिकाचा थर सुटा असता, तर तेवढ्याच उष्णतेत तो जेमतेम एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा वाढला असता. पण तो सुटा नसतो, काचेला घट्ट चिकटलेला असतो. खालची काच पसरते आणि वरच्या थराला आपल्याबरोबर ओढते. पाव मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण ते रुंदीच्या अर्धा टक्का झालं आणि भांड्यासारख्या कडक थराला अर्धा टक्का ताण खूप होतो.

घरात ज्वारीची भाकरी होत असेल तर हे तुम्ही रोज बघता. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लावायला उशीर झाला की वरचा पापुद्रा वाळतो, आणि खालून भाकरी फुगायला लागली की त्याला चिरा पडतात. खालचं मऊ, फुगणारं. वरचं कडक, न ताणणारं. चष्म्यावर तेच घडतं, फक्त चिरा सहजी डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक असतात. काच गार झाली की आकसते, भेगा मिटल्यासारख्या होतात, पण सांधल्या जात नाहीत. म्हणून काही काचांवर जाळं एकदम पुसट दिसतं आणि पुढच्या वेळी तापल्यावर ठळक होतं.

लोकांचा एक समज आधी काढून टाकतो. उन्हाने काच वितळत नाही. काही चष्म्यांच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात, ते प्लॅस्टिक मऊ पडायला साधारण १४५ अंशांच्या पुढे जावं लागतं, तेवढी कुठलीच गाडी तापत नाही. "काच तर जशीच्या तशी आहे, मग ऊन कसं लागलं?" असं गिऱ्हाईक वाद घालतं. काच खरंच शाबूत असते. फुटलेली असते ती तिची साल.

आता डॅशबोर्ड. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात संशोधकांनी उन्हाळ्यात गाड्या उभ्या करून मोजमापं घेतली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. आपल्या मे महिन्यासारखीच, थोडी जास्तच गरमी तिथं. एका तासात उन्हातल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, पण डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर. सावलीत उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये हवा ३८ च्या आसपास राहिली आणि डॅशबोर्ड ४८ वर. यातला हवेचा आणि डॅशबोर्डचा फरक लक्षात घ्या. पुढच्या काचेतून ऊन थेट काळ्या प्लॅस्टिकवर पडतं आणि गाडीतल्या इतर सगळ्या जागांपेक्षा तेच जास्त तापतं. काही लेन्स बनवणारेच ६० अंशांच्या वर काचा नेऊ नका असं लिहितात. नव्या, चांगल्या कोटिंगला त्याहून थोडं जास्त सोसतं, पण वापरात आल्यावर ते सोसणं कमी होत जातं. बारीक ओरखडे पडलेले असतील तर भेग तिथूनच सुरू होते. म्हणून सात महिन्यांचा चष्मा ६९ अंशांवर टिकला असता तर मलाच आश्चर्य वाटलं असतं.

दोन वर्षांपूर्वी तासगावच्या बाजूचे बेदाण्याचे एक व्यापारी आले होते. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "काय तर झालंय बघा. मी तर गाडी झाडाखाली लावली होती." खोटं बोलणारा माणूस नाही. मी विचारलं, "अण्णा, किती वाजता लावली आणि निघालात कधी?" अकराला लावली होती, सौदे संपवून साडेतीनला निघाले. झाड चिंचेचं, गाडी त्याच्या पश्चिमेला आणि तोंडही पश्चिमेकडे. अकराला तिथं सावली होती, पण ऊन पश्चिमेकडे झुकल्यावर सावली झाडाच्या पलीकडे गेली आणि दीड-दोनपासून थेट पुढच्या काचेतून ऊन आत. चष्मा जाड चामडी केसमध्ये होता, तोही काळ्या. केसने काही वाचवलं का? नाही. केस धक्क्यापासून आणि ओरखड्यांपासून वाचवते. उष्णता तिच्यात थोडी उशिरा शिरते एवढंच. दीड तास उन्हात पडली की केस आणि आतला चष्मा डॅशबोर्डएवढेच तापतात. अण्णांच्या दोन्ही काचांवर, पुढच्या बाजूला, कडेपासून कडेपर्यंत सारखं जाळं होतं.

आता तुमचा खरा प्रश्न, माल खराब होता का. अण्णांच्यासारखं जाळं असेल, म्हणजे दोन्ही काचांवर, सगळीकडे आणि साधारण सारखं, तर ते उष्णतेचंच आहे. दुकानदार बरोबर आहे. भांडण्यात वेळ घालवू नका. पण वेगळं काही दिसलं तर त्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दोन्ही काचा एकाच जागी, एकाच वेळी तापल्या आणि त्यातली एकच गेली, तर त्या काचेच्या कोटिंगबद्दल किंवा तिच्या फिटिंगबद्दल शंका घ्यायला जागा आहे. कोटिंग जाळ्यासारखं न फुटता कडेकडून कोंड्यासारखं सोलून निघत असेल, तर ते उन्हाचं काम नाही. ते बहुधा नीट चिकटलेलंच नव्हतं, किंवा घाम आणि सॅनिटायझरने खालून सुटत गेलं. आणि डॅशबोर्डच्या आधीच, पहिल्या महिना-दोन महिन्यांत रात्रीचे लाईट पसरल्यासारखे वाटत होते का, हेही आठवून बघा. तसं असेल तर दुकानदाराने काचा लॅबकडे परत पाठवल्या पाहिजेत.

फिटिंगची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आमच्या बाजूची चूक असते आणि आम्ही ती सहसा कबूल करत नाही. पूर्ण रिमच्या धातूच्या फ्रेममध्ये काच किंचित मोठी कापली गेली आणि स्क्रू आवळून बसवली, तर ती आधीच दाबात असते. तापल्यावर तिला पसरायला जागा मिळत नाही. मग जाळं सगळीकडे सारखं पडत नाही. स्क्रूजवळच्या कोपऱ्यात, कडेला आधी पडतं आणि तिथून आत सरकतं. तुमच्या काचेवर स्क्रूच्या बाजूला जास्त आणि मध्ये जवळपास नाहीच असं दिसत असेल, तर दुकानदाराला नम्रपणे म्हणा, "फिटिंग जरा घट्ट झालं होतं का बघा." जाणकार असेल तर समजेल.

मीही हे पाप केलंय. धंद्यात नवा होतो तेव्हा एका शिक्षिकाबाईंच्या शीट फ्रेमची, म्हणजे प्लॅस्टिकच्या फ्रेमची, कानावरची कांडी वाकवायला फ्रेम हीटरवर धरली. गरम हवा फक्त कांडीवर पडायला हवी, मी बोलत बोलत काच पण झोतात धरून ठेवली. अर्ध्या मिनिटात बाईंच्या समोर नव्याकोऱ्या काचेवर जाळं उमटलं. काच माझ्या खर्चाने बदलून दिली. त्या दिवसापासून फ्रेम तापवायची तर काचा काढून ठेवतो, नाहीतर ओल्या कपड्याने झाकतो. तुमच्या समोर कुणी चष्मा हीटरवर धरला तर काचा झोतात जात नाहीत ना, एवढं बघा.

विश्वास बसत नसेल तर घरात करून बघा. जुनी, टाकून द्यायची कोटिंगवाली काच असेल तर ती स्टीलच्या वाटीत ठेवून तिच्यावर चहाचं उकळतं आधण ओता. दोन-तीन मिनिटांनी चिमट्याने काढा, गार होऊ द्या आणि ट्यूबखाली धरा. बहुतेक काचांवर जाळं दिसेल. तेच करून अस्सल काचेच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लेन्सवर बघितलं तर काही होत नाही. अस्सल काच तापल्यावर फायबरच्या मानाने फार कमी वाढते, त्यामुळे वरच्या थराला ओढ बसत नाही. पण ती जड असते, पडली तर फुटते आणि डोळ्याला धोका असतो. गाडी चालवायला मी ती सुचवत नाही.

दुरुस्ती नाही. हे स्पष्टच सांगतो, कारण टूथपेस्ट, खायचा सोडा आणि गाडीचं पॉलिश लावून आणलेल्या काचा मी बघतो. भेगा भरत नाहीत, उलट उरलेलं कोटिंग खरवडलं जातं आणि धुकं वाढतं. काही ठिकाणी तीव्र रसायनाने सगळं कोटिंग उतरवून देतात. काच तात्पुरती स्वच्छ दिसते, पण खालचा हार्ड कोटही अनेकदा जातो आणि नंतर रुमालानेसुद्धा ओरखडे पडतात. ती रसायनं घरी वापरायची तर अजिबात नाहीत, त्यांतली काही हाताची कातडी जाळतात. काचा बदलणं हाच उपाय.

बदलण्याआधी फ्रेम तपासून घ्या. तुमची फ्रेम शीटची, म्हणजे अॅसिटेटची असेल तर ६०-७० अंशांवर ती मऊ पडते आणि ज्या स्थितीत पडली होती तसा आकार घेते. कांड्या उघडून चष्मा सपाट टेबलावर उलटा ठेवा. दोन्ही कांड्या टेबलाला एकाच वेळी टेकतात का बघा. एक अधांतरी राहत असेल तर फ्रेम वाकली आहे, आणि तिच्यात नवी काच घातली तर ती पहिल्या दिवसापासून ताणात बसेल. आधी फ्रेम सरळ करून मगच काचा मापाने कापायला सांगा.

आता ठेवायचं कुठं. गाडीत सर्वांत वाईट जागा डॅशबोर्ड, आणि जवळपास तितकीच वाईट मागच्या काचेखालची फळी. वर सन व्हायझरला अडकवलेला चष्माही पुढच्या काचेच्या उन्हातच असतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये थेट ऊन पडत नाही म्हणून तो पुष्कळ बरा, पण बंद गाडीतल्या हवेएवढा तोही तापतो. अगदीच गाडीत ठेवायचा असेल तर केसमध्ये घालून सीटखाली, जमिनीलगत ठेवा. गरम हवा वर जाते, ऊन तिथपर्यंत पोचत नाही, आणि गाडीतली सर्वांत गार जागा बहुधा तीच असते. पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावला तर डॅशबोर्ड बराच कमी तापतो, पण त्याच्या भरवशावर चष्मा तिथं ठेवू नका. माझं साधं म्हणणं, चष्मा माणसाबरोबर उतरावा. खिशातला मोबाईल तुम्ही गाडीत विसरत नाही. केस त्या मोबाईलबरोबर एकाच कप्प्यात ठेवायची सवय लावा, म्हणजे एक उचलताना दुसरी हाताला लागेल.

स्कूटरवाल्यांना सीटखालची डिकी सुरक्षित वाटते. वर ऊन नसतं हे खरं, पण बहुतेक स्कूटरींचं इंजिन त्या डिकीच्या खालीच असतं. सातारा ते कराड एका दमात आलात की डिकीत हात घालून बघा. ती जागा डबा गरम ठेवायला चांगली.

गावाकडे तर वेगळ्याच जागा असतात. ट्रॅक्टरचं बॉनेट, पंपाच्या खोलीचा पत्रा, पत्र्याखालची फळी. पत्र्याच्या घरात दुपारी वरच्या फळीची हवा जमिनीपेक्षा बरीच तापलेली असते. तिथं चष्मा खालच्या कोनाड्यात किंवा भिंतीलगतच्या पेटीत ठेवायचा. गुऱ्हाळात काहिलीवर वाकणाऱ्या किंवा हळद शिजवणाऱ्या माणसाला मी कामासाठी वेगळा चष्मा करायला सांगतो. नुसत्या हार्ड कोटचा, हिरवं कोटिंग नसलेला. त्यात चकाकी जास्त येते, पण हार्ड कोट हा प्लॅस्टिकच्या जातीचा असल्यामुळे काचेबरोबर बऱ्यापैकी ताणला जातो. स्वस्तही पडतो. हिरव्या कोटिंगचा चष्मा घरी आणि गाडी चालवायला.

एक जागा मात्र फारच कमी लोकांच्या लक्षात येते, ती म्हणजे नळ. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका लागेल एवढं तापतं आणि लोक त्याच पाण्याखाली चष्मा धरतात. धुवायचा तर सकाळी, किंवा माठातलं-बादलीतलं गार झालेलं पाणी घेऊन.

आणि कधी चुकून चष्मा तापलाच, तर लगेच एसीच्या झोतासमोर किंवा थंड पाण्याखाली धरू नका. काच एकदम आकसली की आधीच ताणलेला थर सुटायलाही लागतो. सावलीत, केस उघडी ठेवून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मग ट्यूबखाली बघा. धातूची फ्रेम असेल तर घाईने डोळ्यावरही चढवू नका. त्या तासगावच्या अण्णांच्या नाकावर दोन्ही बाजूंना लाल ठिपके होते, चष्मा दाखवताना तेही त्यांनी आधी दाखवले होते.